दोन घरांतील मूल आणि सोमवारची शाळा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज मजकडे सोपविलेला विषय आपल्या कोणत्याही पाठ्यक्रमात नाही. तथापि आपल्यापैकी पुष्कळांच्या हजेरीपटावर तो आहे. आईवडील विभक्त झाले आहेत आणि मुलाचे दिवस दोन घरांत वाटले गेले आहेत, अशा विद्यार्थ्याविषयी मला बोलावयाचे आहे. खेड्यात ह्या गोष्टीला कोणी स्पष्ट नाव देत नाही. ‘ती माहेरी येऊन राहिली आहे’, ‘त्यांचे पटत नाही’ एवढे बोलून लोक थांबतात. अनेकदा प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेलेही नसते. आई मुलाला घेऊन माहेरी येते, मूल मामाच्या गावच्या शाळेत दाखल होते, आणि शनिवार-रविवारी किंवा सणासुदीला वडिलांकडे जाते.

आईवडिलांनी एकत्र राहावे की राहू नये, हा निवाडा करणे आपले काम नव्हे. आपल्यासमोर जे मूल बसते त्याला ह्या दोन घरांमधील ये-जा कशी सोसते, आणि ती सुसह्य करण्यासाठी शाळेने काय करावे, एवढाच प्रश्न मी हाती घेणार आहे.

ह्या प्रश्नाचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत बराच झाला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात ज्यूडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली ह्या दोन विदुषींनी १९७१ पासून ६० कुटुंबांतील १३१ मुलांचा मागोवा घेतला. त्यांच्या लेखनामुळे अशा मुलांच्या मूक दुःखाकडे लोकांचे लक्ष प्रथमच मोठ्या प्रमाणावर वेधले गेले. पुढे मेव्हिस हेदरिंग्टन ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षे चालविलेल्या अभ्यासातून चित्राची दुसरी बाजू दिसली. विभक्त कुटुंबांतील शंभर मुलांपैकी सुमारे वीस ते पंचवीस मुलांना गंभीर अडचणी येतात. एकत्र कुटुंबांत हेच प्रमाण दहाच्या आसपास असते. म्हणजे धोका वाढतो हे खरे. परंतु बहुसंख्य मुले, पहिली दोनएक वर्षे कठीण गेल्यानंतर, सावरतात हेही तितकेच खरे. ही आकडेवारी परदेशातील आहे आणि आपली कुटुंबरचना निराळी आहे, हे ध्यानात ठेवूनही त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कोणती मुले सावरतात आणि कोणती सावरत नाहीत, ह्याचे एक मोठे कारण असे आढळले की आईवडिलांचे भांडण वेगळे झाल्यावर थांबले की मुलाच्या अंगावरून पुढे चालूच राहिले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली डॉक्टरांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याचाही रोख हाच आहे: मुलाचा दिनक्रम शक्य तितका अबाधित ठेवा आणि मुलाला भांडणाच्या मध्ये उभे करू नका.

आता हे ओझे वर्गात कसे दिसते ते पाहू. पहिली-दुसरीतील मूल मागे जाते. म्हणजे सुटलेली सवय पुन्हा लागते. अंथरूण ओले होऊ लागते, आई दाराशी सोडून जाताना ते पदर सोडीत नाही. ह्या वयाच्या मुलाच्या मनात एक चमत्कारिक हिशेब असतो. ‘मी हट्ट केला, म्हणून बाबा रागावले, म्हणून आम्ही इकडे आलो’ असे ते खरोखरच समजते आणि कोणाजवळ बोलत नाही. तिसरी-चौथीतील मूल खिन्न होते. आईवडील पुन्हा एकत्र येतील ही आशा ते फार दिवस जपते, आणि एका घरी हसलो तर दुसऱ्या घराशी बेइमानी झाली असे त्याला वाटते. पाचवी ते सातवीतील मूल रागावते आणि अनेकदा एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला अपराधी ठरविते. ह्या वयाची एखादी मुलगी एकाएकी फार समंजस होते, घर सांभाळते, आईची समजूत घालते. तिचे आपण कौतुक करतो. परंतु मोठ्या माणसाचे ओझे तिने उचलले आहे हेही आपल्याला दिसले पाहिजे.

एका चौथीतील मुलाची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा नऊ वर्षांचा. दिवाळीनंतर आई त्याला घेऊन माहेरी आली. वडिलांचे गाव बारा किलोमीटरांवर. तेथे वडील आणि आजी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वडील न्यावयास येत आणि सोमवारी पहाटेच्या एस. टी.ने मुलगा परत येऊन थेट शाळेत बसे. मुलगा हुशार होता, परंतु पौषापासून त्याची तक्रार सुरू झाली. शनिवारी मधल्या सुट्टीच्या सुमारास त्याच्या पोटात दुखू लागे. सोमवारी गृहपाठ नसे, कधी पुस्तकच नसे, आणि दुसऱ्या तासाला तो बाकावर डोके ठेवून झोपी जाई. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तपासले. पोटात काही दोष आढळला नाही. अशा वेळी ‘ढोंग करतो’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मनाच्या ताणाने लहान मुलाचे पोट खरोखर दुखते; ते दुखणे खोटे नसते.

वर्गशिक्षिका बाईंनी एक साधी गोष्ट केली. एका छोट्या वहीत चार आठवडे त्यांनी रोज एकच ओळ लिहिली: वार, मुलगा कोणत्या घरून आला, आणि काय दिसले. ‘मन उदास’ असे त्या लिहीत नसत. ‘डबा उघडला नाही’, ‘शेजाऱ्याशी मारामारी’, ‘तासाला झोपला’ असे लिहीत. चार आठवड्यांनी वही वाचताच उलगडा झाला. मंगळवार ते गुरुवार मुलगा इतरांसारखाच होता. शुक्रवारी दुपारपासून तो बिघडे आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत सावरत नसे. म्हणजे दुखणे एका घराचे नव्हते किंवा दुसऱ्या घराचेही नव्हते. ते दोन घरांमधल्या वाटेवरचे होते.

मुख्याध्यापकांनी आई आणि वडील ह्यांना निरनिराळ्या दिवशी बोलाविले. भांडण ताजे असताना दोघांना समोरासमोर बसविले असते, तर शाळेची चावडी झाली असती. वहीतील नोंदी दोघांनाही सारख्याच वाचून दाखविल्या आणि विचारले, ‘ह्या दिवसांत नेमके काय घडते?’ हळूहळू सर्व बाहेर आले. वडील कधी शाळा सुटताच येत, कधी दुपारी चारला. तोवर मुलगा शाळेच्या पायरीवर बसून राही. गाठ पडली की फाट्यावर आईवडिलांची खर्चाच्या पैशांवरून बाचाबाची होई. आईचा निरोप मुलाच्या तोंडून जाई: ‘पैसे पाठवा म्हणावे.’ तिकडे आजी विचारी, ‘तुझी आई आमच्याविषयी काय बोलते?’ परत आल्यावर आई विचारी, ‘तिकडे कोण कोण आले होते?’ रविवारी रात्री दूरचित्रवाणी अकरापर्यंत चाले आणि पहाटे पाचला मुलाला उठवीत. ह्यांतील एकही माणूस दुष्ट नव्हता. तरी त्या सर्वांनी मिळून एका नऊ वर्षांच्या मुलाला निरोप्या, हेर आणि साक्षीदार केले होते.

बालमानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक अशा आईवडिलांना जो सल्ला देतात, तोच येथे टप्प्याटप्प्याने उपयोगात आणला गेला. पहिला टप्पा हस्तांतराचा. वार आणि वेळ पक्की केली. शनिवारी शाळा सुटते त्या वेळी वडिलांनी शाळेतूनच न्यावे, म्हणजे त्या वेळी आईने येण्याचे कारण उरत नाही आणि दोघांची गाठ मुलासमोर पडत नाही. परत येणे सोमवारच्या पहाटेऐवजी रविवारी संध्याकाळी पाचला ठरले; मामाने फाट्यावर उतरवून घ्यावे. निरोप थोडक्यात आणि हसतमुखाने द्यावा. ‘तुझ्याशिवाय मला करमणार नाही’ असे मुलाला सांगितले, तर जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर आपण आणखी एक ओझे ठेवतो.

दुसरा टप्पा दिनक्रमाचा. दोन्ही घरे सर्व बाबतींत सारखी असावी असा आग्रह तज्ज्ञ धरीत नाहीत. एका घरी भाकरी, दुसऱ्या घरी पोळी. एका घरी गोठ्यातील काम, दुसऱ्या घरी नाही. हा फरक मुले सहज पचवितात. परंतु झोपण्या-उठण्याची वेळ, अभ्यासाची वेळ, औषध चालू असल्यास औषध, आणि शाळेत जाणे, ह्या गोष्टी दोन्हीकडे एकच असाव्यात. येथे रात्री नऊला झोप आणि शनिवारी दुपारी पाऊण तास गृहपाठ, एवढे दोनच नियम दोन्ही घरांनी मान्य केले. जास्त नियम केले असते, तर एकही टिकला नसता. दप्तर एकच, ते मुलाबरोबर जाते. पाठ्यपुस्तकांचा एक जुना संच गतवर्षीच्या विद्यार्थ्याकडून मिळवून वडिलांच्या घरी ठेवला. दात घासण्याचा ब्रश, दोन कपडे आणि अंथरूण-पांघरूण तेथे कायमचे ठेविले. कारण पाहुण्यासारखी पिशवी घेऊन आलेले मूल त्या घरात पाहुणेच राहते.

तिसरा टप्पा निरोपांचा. पैशांचे बोलणे आईवडिलांनी परस्पर दूरध्वनीवर किंवा लेखी संदेशाने करावे, ते जमत नसेल तर दोघांना मान्य असलेल्या वडीलधाऱ्या माणसामार्फत करावे. मुलामार्फत कधीही करू नये. मूल परत आल्यावर तासभर त्याला काही विचारू नये. हातपाय धुणे, खाणे, थोडे खेळणे एवढेच असावे. ते आपण होऊन सांगेल ते ऐकावे. उलटतपासणी करू नये. दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला वडिलांनी दहा मिनिटे दूरध्वनी करावा, आणि आईने त्या वेळी शेजारी उभे राहू नये, असेही ठरले.

चौथी गोष्ट मुलाला सांगण्याची. आतापर्यंत त्याला कोणी काहीच सांगितले नव्हते. ‘थोडे दिवस मामाकडे राहावयाचे’ एवढेच त्याला ठाऊक होते. आईने आणि वडिलांनी आपापल्या घरी त्याला तीच चार वाक्ये सांगावी असे ठरले: ‘आम्ही दोघे आता एका घरात राहणार नाही. हे मोठ्या माणसांमधील कारणाने झाले आहे, तुझ्यामुळे नाही. तू आमच्या दोघांचा आहेस. शाळा, आईचे घर, शनिवारी बाबांचे घर, हे असेच राहील.’ हे एकदा सांगून भागत नाही. मूल पुन्हा पुन्हा विचारते, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर शांतपणे द्यावे लागते. जे निश्चित नाही त्याचे वचन मात्र देऊ नये. बाईंनी त्याच्याकडून महिन्याचा तक्ता काढून घेतला. आईचे दिवस हिरवे, बाबांचे दिवस पिवळे. त्याची एकेक प्रत दोन्ही घरांच्या भिंतीवर लागली. गावची जत्रा, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी हे दिवसही आधीच रंगविले; कारण सणाच्या तोंडावर ठरविण्यास बसले की भांडण ठरलेलेच असते.

ह्याचा परिणाम काय झाला? पहिले दोन आठवडे काहीच नाही. तिसऱ्या शनिवारी वडील आलेच नाहीत. मुलगा पुन्हा पायरीवर बसला. तेव्हा आणखी एक कलम वाढले: येणे अशक्य असेल तर वडिलांनी आदल्या रात्री मुलाशी स्वतः बोलावे, आणि शाळा सुटल्यानंतर अर्ध्या तासात ते आले नाहीत तर मामाने घरी न्यावे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटदुखी तुरळक झाली आणि सोमवारची झोप थांबली. परंतु सर्व काही निवळले असे मी म्हणणार नाही. आईबाबा पुन्हा एकत्र येतील का, असे तो अजून विचारतो. दिनक्रमाने दुःख नाहीसे होत नाही. पुढे काय होणार ही धास्ती तेवढी कमी होते, आणि मग दुःख सोसण्यास मुलाजवळ बळ उरते.

आता एका नाजूक प्रसंगाकडे वळतो. आई किंवा वडील शाळेत येऊन म्हणतात, ‘त्या घरून आला की हा बिघडतो, असे लिहून द्या.’ येथे फार जपावे. ये-जा करणारे मूल परतल्यावर एखादा दिवस चिडचिडे असणे हे सामान्य आहे. जे घर त्याला आवडते ते सोडून आल्यावरही तसे होते. त्यावरून तेथे छळ होतो असा निष्कर्ष निघत नाही. आपण कारण लिहू नये. पाहिले तेवढेच लिहावे. न्यायालयाने किंवा अधिकृत यंत्रणेने लेखी मागणी केली, तर मुख्याध्यापकांमार्फत नोंदी द्याव्यात. ‘तुला कोणाकडे राहावयाचे आहे?’ हा प्रश्न मुलाला आपण कधीही विचारू नये. मुलाला कोणी न्यावे ह्याविषयी न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत दप्तरी ठेवावी. नसेल तर दोघांच्या सहीचे पत्र आधीच घ्यावे. दाखल्यासाठीही मूल अडकता कामा नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा बदलणाऱ्या मुलाला दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि तो येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

मात्र काही खुणा अशा आहेत की तेथे वही आणि तक्ता पुरे पडत नाहीत. अंगावर वळ, चटके किंवा न समजणाऱ्या जखमा. एका विशिष्ट माणसाचे नाव काढताच भीतीने गोठणे. वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे किंवा वागणे. ‘मी मरून जाईन’ असे उद्गार. किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ, कोणत्याही घरी असले तरी, झोप आणि अन्न तुटणे. चिडचिडीला वार असतो. ह्या खुणांना वार नसतो, किंवा असला तर त्यामागे भय असते. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेने स्वतः चौकशी करीत बसू नये. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. मनाच्या आजाराविषयी सल्ल्यासाठी २०२२ पासून १४४१६ हा क्रमांक चालू आहे, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे मुलाला पाठविता येते. ‘हे मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन अशा मुलाला देऊ नये. ‘तुला मदत करू शकेल अशाच माणसाला सांगेन’ असे म्हणावे.

शेवटी वर्गातील दोन लहान गोष्टी. ‘माझे घर’ ह्या विषयावर चित्र काढावयास सांगाल तेव्हा एखाद्या मुलाने दोन घरे काढली तर ती तशीच भिंतीवर लावा. आणि सर्व मुलांसमोर ‘वडिलांना घेऊन ये’ असे सांगण्याऐवजी ‘घरून कोणीतरी मोठे माणूस येऊ दे’ असे सांगा. राहिलेले काम वहीचे. ज्यांच्या वर्गात असे मूल आहे त्यांनी येत्या सोमवारपासून रोज एक ओळ लिहावी आणि चार आठवड्यांनी ती मुख्याध्यापकांसमवेत वाचावी. वहीत मुलाचे नाव न घालता केवळ हजेरी क्रमांक घालावा, आणि ती शिक्षकांच्या बैठकीत गप्पांचा विषय होऊ देऊ नये. पुढील परिषदेत त्या नोंदींतून काय दिसले, ह्यावर आपण बोलू.